हजार शब्दांची एसओपी पाचशे शब्दांत बसवताना: दुसऱ्या अभ्यासक्रमासाठी मजकूर कमी करण्याची रीत

पहिल्या अभ्यासक्रमासाठी कित्येक आठवडे खपून हजार-अकराशे शब्दांची एसओपी, म्हणजे प्रवेशअर्जासोबत द्यायचे उद्देशाचे निवेदन, तयार झालेली असते, आणि मग दुसऱ्या अभ्यासक्रमाचा अर्ज उघडावा तर तिथे पाचशे शब्दांची मर्यादा दिसते. अशा वेळी बहुतेक अर्जदार जुन्या फाइलची एक प्रत काढतात आणि प्रत्येक परिच्छेदातून थोडेथोडे शब्द उडवत मर्यादेपर्यंत येतात. या पद्धतीत सगळे प्रसंग जागेवर राहतात, पण ते एकमेकांना जोडणारी कारणे निघून जातात. याचे कारण असे की ‘असे का झाले’ हे सांगणारा भाग बहुधा गौण वाक्यांत, ‘त्यामुळे’, ‘परंतु’, ‘म्हणून’ यांच्या आसपास असतो, आणि शब्द वाचवायला बसलेल्या माणसाला नेमका तोच भाग जास्तीचा वाटतो. शेवटी हाती उरते ती केलेल्या कामांची यादी, आणि ती तर बायोडेटात आधीच दिलेली असते.

म्हणून छाटणी जुन्या मजकुरापासून सुरू न करता गोष्टीच्या सूत्रापासून सुरू करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ही रीत एका उदाहरणावरून पायरीपायरीने पाहू. समजा, एका विद्यार्थिनीने पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी १०४० शब्दांची एसओपी लिहिली आहे, आणि आता तिला उपयोजित संख्याशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी ५०० शब्दांच्या आत दुसरी हवी आहे. मूळ एसओपी इंग्रजीत आहे, त्यामुळे पुढे येणारे शब्दांचे आकडे इंग्रजी मजकुराचे आहेत आणि नमुने त्यांच्या मराठी रूपात दिले आहेत.

पहिली पायरी: मर्यादा कशाची आहे आणि प्रश्न काय आहे

मर्यादा शब्दांची आहे, अक्षरांची आहे की पानांची, हे आधी पाहावे. ब्रिटनमध्ये पदवीच्या प्रवेशासाठी यूकास या केंद्रीय प्रवेश संस्थेमार्फत द्यायच्या निवेदनाची मर्यादा ४००० अक्षरांची आहे, आणि त्यात शब्दांमधल्या मोकळ्या जागाही मोजल्या जातात. इंग्रजीत हे साधारण सहाशे ते साडेसहाशे शब्द होतात, पण लांब तांत्रिक शब्द जास्त असतील तर मजकूर त्याहून कमी शब्दांतच संपवावा लागतो. पानांची मर्यादा असेल तर अक्षराचा आकार, ओळींमधले अंतर आणि समास यांबद्दल काही सांगितले आहे का, तेही बघावे. अर्जाच्या चौकटीत मजकूर चिकटवल्यावर शेवटचे वाक्य पूर्ण दिसते आहे याची खात्री करावी, कारण काही फॉर्म मर्यादेपलीकडचा भाग न सांगता कापतात.

त्यानंतर प्रश्नाचे शब्द वाचावेत. एक अभ्यासक्रम ‘तुमची पार्श्वभूमी, संशोधनातील रुची आणि पुढील उद्दिष्टे’ विचारतो, तर दुसरा फक्त ‘हा अभ्यासक्रम का, आणि तुम्ही त्यासाठी कसे तयार आहात’ एवढेच विचारतो. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला पहिल्याचे उत्तर निम्मे करून चालत नाही, कारण न विचारलेल्या गोष्टीवर गेलेला प्रत्येक शब्द विचारलेल्या गोष्टीतून वजा होतो. अर्जात आणखी कोणते निबंध मागितले आहेत हेही पाहावे. उदाहरणार्थ, बर्कलीचे कॅलिफोर्निया विद्यापीठ पदव्युत्तर अर्जात एसओपी आणि व्यक्तिगत पार्श्वभूमीचे निवेदन अशी दोन वेगळी निवेदने मागते. असे असेल तर घर, शाळा आणि वाटेतल्या अडचणींविषयीचा भाग एसओपीतून काढून दुसऱ्या निवेदनात नेता येतो. असा भाग वाया जात नसल्याने तो काढताना हातही आखडत नाही.

दुसरी पायरी: जुनी फाइल बंद करून सूत्र लिहिणे

आता जुनी एसओपी न बघता, आठवणीतून, पाच-सहा वाक्यांत आपली गोष्ट कागदावर लिहावी. तिथे सुंदर वाक्ये नकोत, फक्त एकातून दुसरे कसे निघाले ते हवे. आपल्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीने असे लिहिले:

‘पाणी गाळण्याच्या वाळूच्या टाकीबाहेर आम्ही गढूळपणा मोजणारा सेन्सर बसवला. एकोणीस दिवसांत त्याचा आकडा ४ वरून ११ एनटीयूपर्यंत चढला, पण हाताने घेतलेले नमुने प्रयोगशाळेत ४ ते ५ च दाखवत होते. सेन्सरची काच पुसताच आकडा ५ वर आला, म्हणजे पाणी गढूळ झाले नव्हते, काचेवर जैविक थर साचला होता. काच पुसून पुढचे आकडे सुधारले, पण मागचे एकोणीस दिवस तसेच राहिले, म्हणून चूक रोज सारख्याच प्रमाणात वाढली असे धरून मी ते मागे जाऊन दुरुस्त केले. परंतु पहिल्या आठवड्यात दुरुस्त केलेला आकडा नमुन्यांपेक्षा बराच कमी येऊ लागला, कारण थर सुरुवातीला हळू आणि नंतर वेगाने वाढतो. दुरुस्त केलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा हे मला सांगता आले नाही, आणि तेच शिकायला मला संख्याशास्त्राकडे यायचे आहे.’

या वाक्यांचे सांधे तपासावेत. दोन वाक्यांमध्ये ‘पण’, ‘म्हणून’, ‘कारण’ किंवा ‘परंतु’ नैसर्गिकपणे बसत असेल तर तिथे गोष्ट आहे. जिथे फक्त ‘त्यानंतर’ बसते तिथे दिनक्रम आहे, आणि ते वाक्य सूत्रातून काढले तरी काही तुटत नाही. या विद्यार्थिनीच्या जुन्या एसओपीत लहानपणी नदीकाठी खेळण्याचा परिच्छेद होता, तो सूत्रात आपोआप आलाच नाही. आठवणीतून लिहिण्याचा हाच फायदा आहे. लेखकाच्या मनात जे खरोखर जोडलेले असते तेवढेच अशा वेळी वर येते, तर जुना मजकूर समोर असला की त्यातली चांगली जमलेली वाक्ये आपल्याला धरून ठेवतात.

सूत्राचे शेवटचे वाक्य नव्या अभ्यासक्रमाच्या दाराशी पोहोचते का, हे सर्वांत महत्त्वाचे आहे. याच प्रकल्पातून पर्यावरण अभियांत्रिकीकडे जाणारे सूत्र वेगळ्या ठिकाणी संपत होते: काचेवर थर साचणार नाही अशी यंत्रणा कशी बनवावी, तिथे. प्रसंग तोच, पण त्यातून निघणारा प्रश्न वेगळा. दोन्ही प्रश्न खरे होते, म्हणूनच तिला दोन वेगळ्या अभ्यासक्रमांना प्रामाणिकपणे अर्ज करता आला. शेवटचे वाक्य कितीही प्रयत्न केला तरी नव्या विषयाकडे वळत नसेल, तर ही एसओपी लहान करून काम भागणार नाही. दुसरा प्रसंग निवडून नवी एसओपी लिहावी लागेल, आणि हे ओळखायला दुसरी पायरी हीच योग्य जागा आहे.

तिसरी पायरी: जुन्या मजकुराचा ताळेबंद

आता जुनी फाइल उघडावी आणि प्रत्येक परिच्छेदासमोर त्याचे शब्द लिहावेत. आपल्या उदाहरणात बालपणीची नदी १४० शब्द, शिकलेले विषय १७०, सेन्सर आणि टाकीची उभारणी १९०, चढत्या आकड्यांचा प्रसंग १६०, उन्हाळी इंटर्नशिप १५०, हाच अभ्यासक्रम का हे सांगणारा भाग १५० आणि पुढील उद्दिष्टे ८० असे १०४० शब्द होते. मागच्या आकड्यांची दुरुस्ती, जी नव्या सूत्राचा गाभा आहे, ती चढत्या आकड्यांच्या परिच्छेदात शेवटी दोन वाक्यांत उरकली होती. अभियांत्रिकीच्या समितीपुढे तेवढे पुरेसे होते.

सगळे परिच्छेद सरसकट निम्मे केले असते तर नव्या एसओपीत ही दोन वाक्ये एक झाली असती, आणि उभारणीच्या वर्णनाला पंचाण्णव शब्द मिळाले असते. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना तिच्याविषयी जे जाणून घ्यायचे आहे, ते एका वाक्यात संपले असते. त्यामुळे नवी वाटणी जुन्या प्रमाणात न करता सूत्राच्या प्रमाणात करावी. तिने ती अशी केली: चढत्या आकड्यांचा प्रसंग १२० शब्द, उभारणी ५०, दुरुस्तीचा प्रयत्न आणि त्याचे अपयश १२०, शिकलेले विषय ४०, इंटर्नशिप ४०, हा अभ्यासक्रम का ९५ आणि उद्दिष्टे २५. बेरीज ४९०. एकूण मजकूर निम्म्याहून कमी होत असताना एक भाग मात्र दोन वाक्यांवरून १२० शब्दांवर गेला. दुसऱ्या अभ्यासक्रमासाठी केलेल्या छाटणीत कुठलाच भाग वाढला नसेल, तर वाटणी जुन्याच एसओपीची राहिली आहे असे बहुधा समजावे.

बालपणीच्या नदीला शून्य शब्द मिळाले. हे बहुतेकांना जड जाते, कारण सुरुवात हीच आपल्या गोष्टीची ओळख वाटते. पण ती नदी नव्या सूत्रातल्या कुठल्याही वाक्याचे कारण नाही. ती काढली तरी पुढचे काहीच कळेनासे होत नाही.

शिकलेल्या विषयांच्या परिच्छेदाबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. विषय आणि गुण गुणपत्रिकेत असतातच, त्यामुळे त्यांची यादी काढून टाकावी. परंतु विषय बदलून अर्ज करणाऱ्याच्या मनात नसली तरी वाचणाऱ्याच्या मनात एक शंका असते, की या विद्यार्थिनीचे गणित अभ्यासक्रम झेपण्याइतके आहे का. ठेवलेले चाळीस शब्द त्या एका शंकेवर खर्च करावेत: संभाव्यताशास्त्र आणि रेषीय बीजगणित कोणत्या सत्रांत शिकले, आणि त्यातले काय दुरुस्तीच्या प्रयत्नात वापरले. शेवटचा तुकडा विषयांना प्रसंगाशी जोडतो, म्हणून तो भाग यादीसारखा वाटत नाही.

चौथी पायरी: कोऱ्या फाइलवर लिहिणे

वाटणी समोर ठेवून नव्या फाइलवर लिहावे. जुन्यातले एखादे वाक्य जसेच्या तसे उपयोगी पडले तर ते उचलावे, पण सुरुवात कोऱ्या पानावर करावी. फरक कसा पडतो ते पाहा. जुन्या एसओपीतला प्रसंग असा होता:

‘आमच्या प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात, जेव्हा सर्व उपकरणे यशस्वीपणे बसवून झाली होती आणि आम्ही नियमित माहिती गोळा करायला सुरुवात केली होती, तेव्हा आमच्या असे लक्षात आले की गढूळपणाचे आकडे सतत वाढत आहेत, ज्यामुळे आम्हाला सुरुवातीला असे वाटले की गाळणी नीट काम करत नाही.’

नुसते शब्द उडवणाऱ्याने त्याचे असे केले असते: ‘प्रकल्पात माहितीच्या गुणवत्तेशी निगडित आव्हानांना सामोरे जात मी विश्लेषणाची कौशल्ये विकसित केली.’ शब्द खूपच वाचले, पण आकडा, सेन्सर, चुकीचा अंदाज असे सगळेच नाहीसे झाले, आणि हे वाक्य आता कोणत्याही अर्जदाराचे असू शकते. छाटणी बिघडल्याची ही सर्वांत ठळक खूण आहे: घडलेल्या घटनांच्या जागी ‘आव्हाने’, ‘कौशल्ये’, ‘अनुभव’ अशी भाववाचक नामे येऊन बसतात.

सूत्रावरून लिहिल्यावर तोच भाग असा झाला: ‘एकोणीस दिवसांत आमच्या सेन्सरचा आकडा ४ वरून ११ एनटीयूवर गेला, आणि गाळणी बिघडली असे आम्ही धरून चाललो. मी हाताने घेतलेल्या नऊ नमुन्यांत मात्र पाणी पहिल्या दिवसाइतकेच स्वच्छ होते.’ इथे पार्श्वभूमी गेली, पण चुकीचा अंदाज आणि तो मोडणारा पुरावा दोन्ही राहिले. लहान एसओपीत तपशील कमी ठेवायचे असतात, पण जे ठेवायचे ते नेमके ठेवायचे. चार आकडे आणि एक प्रसंग यांना जागा लागते ती दोन ओळींची, आणि वाचणाऱ्याला मात्र समोर घडल्यासारखे दिसते.

दुरुस्तीच्या भागात तिने अपयश लपवले नाही. सारख्या प्रमाणात वाढ धरल्याने एकोणिसाव्या दिवशी ६ एनटीयू वजा करायचे, तर सातव्या दिवशी सुमारे २.२ वजा करायचे असा तिचा हिशेब होता. पण सातव्या दिवशी सेन्सर ४.५ दाखवत होता आणि नमुनाही ४.५ च होता, त्यामुळे दुरुस्त केलेला आकडा २.३ वर येऊन खऱ्यापासून उलट दूर गेला. हा हिशेब एसओपीत दोन वाक्यांत आला. जागा कमी आहे म्हणून अर्जदार सर्वांत आधी अपयश कापतात. मला ही मोठी चूक वाटते, कारण या गोष्टीत नवा अभ्यासक्रम हवासा वाटण्याचे कारणच ते अपयश आहे. ते कापले की ‘म्हणून मला संख्याशास्त्र शिकायचे आहे’ या वाक्यातला ‘म्हणून’ निराधार होतो.

पाचवी पायरी: तुटलेले सांधे शोधणे

पहिला खर्डा झाल्यावर त्यात तीन प्रकारचे तुटलेले सांधे सापडतात. पहिला प्रकार म्हणजे ज्याचा संदर्भ उडाला आहे असे सर्वनाम: ‘या अनुभवामुळे’ असे वाक्य राहते आणि तो अनुभव काढलेल्या परिच्छेदात असतो. दुसरा प्रकार म्हणजे जुन्या मजकुरात एकदा पूर्ण सांगून पुढे वापरलेले संक्षेप. पूर्ण रूप असलेले वाक्य गेले की संक्षेप अनोळखी राहतो. तिसरा प्रकार शोधायला सर्वांत अवघड असतो, आणि तो म्हणजे कारणाशिवाय उरलेला परिणाम. विद्यार्थिनीच्या खर्ड्यात ‘इंटर्नशिपमध्ये मी दुसऱ्यांदा नमुने तपासण्याचा आग्रह धरला’ असे वाक्य होते. आग्रह का धरला ते जुन्या परिच्छेदात होते, नव्यात नव्हते. तिने ‘सेन्सरच्या प्रसंगामुळे’ एवढे दोनच शब्द घातले आणि इंटर्नशिपचे चाळीस शब्द सूत्रात आले.

याच वेळी जुन्या अभ्यासक्रमाचे अवशेषही काढावेत. जुन्या विद्यापीठाचे, प्राध्यापकांचे आणि प्रयोगशाळेचे नाव फाइलमध्ये शोधून पाहावे, फाइलच्या नावातही पाहावे. अधिक चिवट असतात ते विषयाचे शब्द. ‘शुद्धीकरण तंत्रज्ञानात योगदान’ यासारखा वाक्प्रयोग संख्याशास्त्राच्या एसओपीत राहिला, तर हा मजकूर मुळात दुसऱ्या कोणासाठी लिहिला होता हे वाचणाऱ्याला लगेच समजते.

‘हा अभ्यासक्रम का’ हा भाग तर पूर्ण नवाच लिहावा. जुन्याची नावे बदलून तो कधीच जमत नाही. पंचाण्णव शब्दांत पाच प्राध्यापकांची नावे घेण्यापेक्षा, आपल्या सूत्रातला उघडा राहिलेला प्रश्न तिथल्या कोणत्या एक-दोन गोष्टींशी जुळतो ते सांगावे. तिने मोजमापातील चुकांवर काम करणारा एक गट आणि कालक्रमिक माहितीच्या विश्लेषणाचा एक विषय निवडला, आणि प्रत्येकाला काचेवरच्या थराच्या असमान वाढीशी जोडले.

सहावी पायरी: शेवटचे पन्नास-साठ शब्द

खर्डा ५५० शब्दांच्या आसपास येतो, क्वचितच थेट ४९० वर येतो. शब्द मोजून काढण्याचे काम आता करायचे, आधी नाही. ‘मला असे नमूद करावेसे वाटते की’, ‘माझ्या शैक्षणिक प्रवासात’, ‘यशस्वीपणे’, ‘अत्यंत’ हे सगळे निघते. ‘निरीक्षण करण्याचे काम केले’ याचे ‘पाहिले’ होते. एकाच अर्थाची दोन विशेषणे असतील तर एक ठेवावे. उद्दिष्टांच्या वाक्यात तीन महत्त्वाकांक्षा असतील तर सूत्राला लागून असलेली एकच ठेवावी. जोडणारी अव्यये मात्र या फेरीत मोजायलाही घेऊ नयेत. ‘परंतु’ आणि ‘कारण’ काढून पंधरा शब्द वाचतात आणि त्यांच्याबरोबर पहिल्या पाच पायऱ्यांचे कामही जाते.

यानंतरही वीस-तीस शब्द जास्त भरत असतील तर सगळीकडून चिमूटभर काढू नये. एक पूर्ण गोष्ट काढावी. विद्यार्थिनीने शेवटी उभारणीच्या भागातले टाकीच्या मापांचे वाक्य काढले, आणि मजकूर ४९३ शब्दांवर आला.

सातवी पायरी: नव्या माणसाला वाचायला देणे

स्वतःची लहान केलेली एसओपी स्वतः वाचून तपासता येत नाही, कारण गाळलेला भाग डोक्यात असतोच आणि वाचताना तो आपोआप भरला जातो. ज्याने मोठी एसओपी कधी वाचलेली नाही अशा माणसाला ती द्यावी, एकदा वाचू द्यावी, कागद परत घ्यावा आणि ‘हिच्या बाबतीत काय घडले ते तीन-चार वाक्यांत सांग’ एवढेच विचारावे. ‘कशी वाटली’ असे विचारू नये. त्या प्रश्नाला ‘छान आहे’ याहून उपयोगी उत्तर मिळत नाही. ऐकलेली वाक्ये दुसऱ्या पायरीवरच्या सूत्राशेजारी ठेवावीत.

या विद्यार्थिनीच्या मैत्रिणीने सांगितले: ‘सेन्सर खराब झाला, तिने तो पुसला, आणि तिला संख्याशास्त्र आवडायला लागले.’ म्हणजे मधला दुवा पोहोचला नव्हता. मजकुरात दुरुस्तीचा प्रयत्न होता, पण मागचे आकडे काच पुसून सुधारत नाहीत हे कुठेच स्पष्ट म्हटले नव्हते, आणि ते न कळता दुरुस्तीची गरजच कळत नाही. तिने अभ्यासक्रमाच्या भागातले एक स्तुतिवाक्य काढले आणि प्रसंगाच्या शेवटी लिहिले: ‘काच पुसल्याने उद्याचे आकडे सुधारले, मागचे एकोणीस दिवस मात्र तसेच राहिले.’ पुढच्या वेळी एका वेगळ्या वाचकाने गोष्ट सांगितली तेव्हा त्याने आपणहून विचारले, ‘मग त्या एकोणीस दिवसांचे शेवटी काय केले?’ अर्ज त्याच दिवशी पाठवला गेला.